नकाशावर दुकानाचा जुना फोन नंबर आणि चुकीच्या वेळा पुन्हा पुन्हा का येतात? – समस्या निवारण

आमच्या भागातील दुकानदारांच्या गूगल मॅप्सवरील नोंदी दुरुस्त करून देण्याचे काम मी करतो. त्यात सर्वाधिक वेळा समोर येणारी तक्रार दुकान नकाशावर नसल्याची नसते. दुकान असते, छायाचित्रे असतात, ग्राहकांचे अभिप्रायही असतात. मात्र फोन नंबर जुना असतो किंवा वेळ चुकीची असते, आणि ती दुरुस्त केल्यावर काही दिवसांनी पुन्हा चुकते. हा मजकूर त्याच एका दोषाविषयी आहे.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी गोष्ट जुळत असेल तरी खालील तपासण्या तुमच्या कामाच्या आहेत. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर नवा नंबर दिसतो, परंतु ग्राहक जुन्याच नंबरवर फोन करतात. दुकान दुपारी बंद असूनही नकाशा ते उघडे असल्याचे सांगतो, किंवा उघड्या दुकानापुढे "बंद" असा शब्द दिसतो. माहिती बदलून जतन केली की काही दिवस ठीक चालते आणि मग जुना मजकूर परततो. दुकानाचे नाव शोधल्यावर दोन खुणा दिसतात, त्यांपैकी एकीवर फोन नंबरच नसतो. किंवा माहिती बदलण्यासाठी गेल्यावर ही नोंद दुसरेच कोणी सांभाळत असल्याचा संदेश येतो.

अशा वेळी बहुतेक दुकानदार तोच नंबर पुन्हा टाइप करतात आणि वाट पाहतात. त्याचा सहसा टिकाऊ उपयोग होत नाही. नकाशावरील नोंद केवळ मालकाच्या शब्दावर चालत नाही: कोणीही वापरकर्ता "Suggest an edit" या पर्यायातून बदल सुचवू शकतो, दुकानाच्या संकेतस्थळावरील मजकूर वाचला जातो, आणि इतर कंपन्यांकडून घेतलेली व्यावसायिक माहितीही त्यात मिसळते. मालकाने लिहिलेला नंबर एक आणि बाकी सर्वत्र दुसरा असेल, तर कोणता खरा हे यंत्रणेला ठरवावे लागते आणि तिचा निर्णय आपल्या विरुद्ध जाऊ शकतो. म्हणून जुनी माहिती नेमकी कोठून येत आहे, हे शोधणे हाच निवारणाचा गाभा आहे.

पहिली तपासणी: ग्राहकाला काय दिसते ते पाहा

याला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काही नाही. घरातील किंवा शेजारच्या दुकानातील असा मोबाइल घ्या, ज्यावर तुमचे दुकानाचे खाते उघडलेले नाही. त्यावर दुकानाचे नाव आणि गावाचे नाव एकत्र शोधा. स्वतःच्या मोबाइलवर तुम्ही मालक म्हणून आत असता, त्यामुळे प्रसिद्ध न झालेला बदलही तुम्हाला झाल्यासारखा वाटू शकतो. "मला तर बरोबर दिसते" या वाक्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

या पाहणीत तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणता नंबर दिसतो, आज आणि उद्याच्या वेळा काय दिसतात, आणि त्याच नावाची दुसरी खूण जवळपास आहे का. दुकानाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे शोधा. दुहेरी नोंद अनेकदा लिपी बदलल्यावरच सापडते. "कॉल" हे बटण दाबून फोन प्रत्यक्ष कोठे लागतो तेही पाहा. दिसायला बरोबर वाटणाऱ्या नंबरातील एखादा अंक चुकलेला असतो, किंवा दूरध्वनीच्या नंबराला एसटीडी कोड लावलेला नसतो. साताऱ्याचा नंबर असेल तर आधी ०२१६२ हवेच, नाहीतर मोबाइलवरून तो लागणार नाही.

दुसरी तपासणी: बदल प्रसिद्ध झाला आहे का

आता दुकानाच्या खात्यातून आत या. गूगलवर `my business` असे शोधले, किंवा मॅप्स ॲपमध्ये स्वतःच्या चित्रावर बोट ठेवून "Your Business Profiles" उघडले, की नोंद समोर येते. पूर्वी यासाठी वेगळे ॲप होते. ते २०२२ मध्ये बंद झाले. त्यामुळे जुन्या चित्रफितीत सांगितलेले ॲप शोधत बसू नका.

येथे पाहायचे ते असे. नोंदीची पडताळणी, म्हणजे दुकान तुमचेच आहे याची गूगलने करून घेतलेली खात्री, पूर्ण झालेली नसेल, तर तुम्ही लिहिलेली माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचण्याची खात्री नाही. पडताळणी झाली असेल, तरी प्रत्येक बदल तपासला जातो. बहुतेक बदल काही मिनिटांत मान्य होतात, परंतु काहींना ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. बदल तपासणीत अडकलेला असताना तोच बदल पुन्हा पुन्हा केल्याने तो लवकर सुटत नाही. उलट आपला कोणता बदल मान्य झाला आणि कोणता नाही, हे आपल्यालाच कळेनासे होते. एकदा बदला, तारीख वहीत लिहा आणि थांबा.

मालकाच्या मजकुराऐवजी गूगलने दुसरा मजकूर लावला असेल, तर माहिती संपादित करण्याच्या पानावर तो दाखवला जातो आणि तो स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची सोय असते. बहुतेक दुकानदार ही सूचना न वाचता स्वीकारतात आणि आपल्याच हाताने जुना नंबर मान्य करतात. ती शांतपणे वाचा, कारण बाहेरून कोणता मजकूर येत आहे याचा पहिला पुरावा तीच असते.

तिसरी तपासणी: वेळांची मांडणी

वेळा चुकण्याचे कारण पुष्कळदा बाहेर नसते, ते मांडणीतच असते. आपल्याकडील बरीच दुकाने दुपारी बंद असतात. पण वेळ भरताना मालक सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ असे एकच अंतर लिहितो. मग दुपारी तीन वाजता आलेल्या ग्राहकाला कुलूप दिसते आणि तो वैतागून "वेळ चुकीची आहे" असे कळवतो. अशी तक्रार म्हणजे बाहेरून आलेली एक सुचवणीच, आणि नोंद त्यानंतर डळमळू लागते. एकाच दिवसाला वेळेच्या दोन जोड्या भरता येतात. ९:३० ते १:३० आणि ४:०० ते ८:३० अशा दोन ओळी लिहा.

दुसरी नेहमीची चूक दुपारच्या बाराची आहे. दुपारी साडेबारा म्हणजे 12:30 PM आणि मध्यरात्रीनंतरचे साडेबारा म्हणजे 12:30 AM. हे उलटे झाले की दुपारी बंद होणारे दुकान नकाशावर मध्यरात्रीपर्यंत उघडे राहते. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी रकाना रिकामा न सोडता तो दिवस "बंद" असाच निवडा.

सणांसाठी नेहमीच्या वेळांना हात लावू नका. त्यासाठी "Special hours" हा वेगळा भाग आहे. तेथे ठरावीक तारखेची वेळ भरली की ती तेवढ्याच दिवसापुरती लागू होते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री अकरापर्यंतची वेळ नेहमीच्या रकान्यात भरणारे दुकानदार ती परत बदलायला विसरतात, आणि मग तुळशीच्या लग्नानंतरही दुकान नकाशावर रात्री उशिरापर्यंत चालू असते. नूतनीकरणासाठी दुकान सलग सात किंवा अधिक दिवस बंद राहणार असेल तर "तात्पुरते बंद" ही स्थिती निवडावी. "कायमचे बंद" या पर्यायाला मात्र हात लावू नका. स्थलांतर झाले म्हणून तो निवडणारे मालक मी पाहिले आहेत. स्थलांतरात त्याच नोंदीतील पत्ता बदलायचा असतो, म्हणजे जुने अभिप्रायही सोबत येतात.

चौथी तपासणी: जुना नंबर आणखी कोठे कोठे आहे

येथपर्यंत सर्व ठीक असूनही नंबर परत फिरत असेल, तर खरे काम येथे आहे. या तपासणीला पैसे लागत नाहीत, पण एक दुपार जाते.

जुना नंबर एसटीडी कोडासह आणि कोडाशिवाय असा दोन्ही प्रकारे गूगलवर शोधा. जेथे जेथे तो दुकानाच्या नावाशेजारी सापडेल, त्या जागांची यादी करा. दुकानाचे जुने संकेतस्थळ, फेसबुकवरील पान, व्यापाऱ्यांच्या संघटनेची यादी, दुकानांची माहिती देणाऱ्या खासगी सूची आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील विक्रेत्यांच्या याद्या या साधारण जागा आहेत. जी जागा तुमच्या हातात आहे ती आधी दुरुस्त करा. त्यातही सर्वांत आधी ते संकेतस्थळ, ज्याचा दुवा तुमच्या नकाशावरील नोंदीतच दिलेला आहे. कारण नोंद आणि तिने स्वतः दिलेला दुवा हीच दोन ठिकाणे परस्परविरुद्ध बोलत असतील, तर यंत्रणेने कशावर विश्वास ठेवावा? संकेतस्थळाच्या रकान्यात `business.site` ने संपणारा पत्ता असेल तर तो काढून टाका. लहान दुकानांना मोफत मिळणारी ती पाने गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली.

छायाचित्रेही पाहा. जुन्या पाटीचा फोटो नोंदीत सर्वांत वर असेल, तर सद्भावनेने माहिती सुचवणारा ग्राहक त्यावरचाच नंबर वाचून कळवतो. प्रत्यक्ष दुकानावरील पाटीवर जुना नंबर रंगवलेला असेल, तर तो आधी पुसा. रंगाऱ्याला बोलावणे हा नकाशाच्या दुरुस्तीचा भाग वाटत नाही, पण पुढे पडताळणीचा व्हिडिओ काढावा लागला तर हीच पाटी पुरावा म्हणून दाखवायची असते.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. साताऱ्यातील भांड्यांच्या एका दुकानाचा दूरध्वनी मालकांनी परत केला आणि मोबाइल नंबर घेतला. मुलाने नोंदीत तो बदलला, तो दिसूही लागला, आणि काही आठवड्यांनी जुना दूरध्वनी परत आला. मुलाने पुन्हा बदलला, तो पुन्हा फिरला. दुसऱ्या मोबाइलवरून पाहिले तेव्हा दुकानाची एकच खूण होती, म्हणजे दुहेरी नोंदीचा प्रश्न नव्हता. पडताळणी झालेली होती, बदलही मान्य झालेला होता. मग जुना नंबर शोधला, तेव्हा तो तीन ठिकाणी सापडला: प्रेशर कुकरच्या एका कंपनीच्या विक्रेता-यादीत, एका खासगी सूचीत, आणि दुकानाच्याच संकेतस्थळाच्या "संपर्क" या पानावर. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नवा नंबर होता, म्हणून आतले पान कोणी उघडून पाहिलेच नव्हते.

क्रम असा ठेवला. प्रथम संपर्काचे पान दुरुस्त केले. मग खासगी सूचीत मालक म्हणून नोंदणी करून तेथील नंबर बदलला. तेथे पैसे भरून वरचे स्थान घेण्याचा आग्रह झाला, तो नाकारला, कारण नंबर बदलण्यासाठी त्याची गरज नव्हती. कंपनीच्या वितरकाला पत्र देऊन यादीतील नंबर बदलून घेतला. नोंदीतील जुन्या पाटीचा फोटो काढून नव्या पाटीचा लावला. हे सर्व झाल्यावरच नकाशावरील नंबर शेवटचा एकदा बदलला आणि दुपारची सुट्टी दोन ओळींत भरली. त्यानंतर नंबर फिरला नाही. उलट क्रमाने, म्हणजे नकाशा आधी आणि बाकीचे सवडीने असे केले असते, तर मधल्या काळात तो पुन्हा फिरण्याची शक्यता होती.

जुना नंबर अजून तुमच्याकडेच चालू असेल, तर तो काढून टाकण्याऐवजी अतिरिक्त नंबर म्हणून ठेवता येतो. मुख्य नंबराशिवाय आणखी दोन नंबर देण्याची सोय आहे.

पाचवी तपासणी: दुहेरी नोंद

पहिल्या पाहणीत दुसरी खूण सापडली असेल, तर ती बहुधा एखाद्या ग्राहकाने किंवा घरातल्याच कोणी पूर्वी तयार केलेली असते. ग्राहक अर्धे इकडे, अर्धे तिकडे जातात आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होत राहते. जी नोंद तुमच्या ताब्यात आहे ती ठेवा. दुसरीवर "Suggest an edit" मधून "Close or remove" निवडून ती दुहेरी असल्याचे कळवा. चिडून तिसरी नवी नोंद करू नका. एकाच दुकानाच्या अनेक नोंदी नियमात बसत नाहीत आणि त्यातून चांगली नोंदही अडचणीत येऊ शकते.

सहावी तपासणी: नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असणे

ही पायरी कठीण आहे, कारण येथे माणसे येतात. नोंद ताब्यात घेण्याचा प्रयत्न केल्यावर ती कोणाच्या खात्यात आहे, हे ईमेल पत्त्याची काही अक्षरे झाकून दाखवले जाते. ती अक्षरे घरच्यांना आणि जुन्या नोकरांना दाखवा. बहुतेक वेळा तो पत्ता भाच्याचा किंवा काम सोडून गेलेल्या मुलाचा निघतो, आणि एका फोनमध्ये काम होते. तसे न झाल्यास तेथूनच प्रवेशाची विनंती पाठवा. सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. उत्तर न आल्यास नोंद स्वतःकडे घेण्याचा पर्याय मिळू शकतो. ताबा मिळाल्यावर पहिले सात दिवस काही अधिकार, उदाहरणार्थ नोंद काढून टाकणे किंवा इतर मालकांना हटवणे, वापरता येत नाहीत. तेवढे दिवस केवळ नंबर आणि वेळा तपासा.

यानंतर पडताळणी पुन्हा मागितली जाऊ शकते. कोणती पद्धत मिळेल हे आपण ठरवू शकत नाही. फोन, ईमेल, टपाल किंवा व्हिडिओ यांपैकी जी समोर येईल ती करावी लागते. टपालाने आलेला कोड ३० दिवसांत वापरावा लागतो. व्हिडिओ मागितल्यास तो सलग, कापाकापी न केलेला आणि किमान ३० सेकंदांचा हवा. मी दुकानदारांना असे चालायला सांगतो: रस्त्याच्या नावाची पाटी किंवा शेजारची ओळखीची इमारत दिसेल तेथून सुरुवात करावी, आपल्या दुकानाची पाटी पूर्ण वाचता येईल इतका वेळ थांबावे, शटरचे कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडावे, आणि आत जाऊन गल्ला किंवा मालाची खोली दाखवावी. शटर उघडणे महत्त्वाचे आहे, कारण ते रस्त्यावरील कोणालाही जमणार नाही. दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे त्यातून सिद्ध होते. माणसांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रे चित्रात येऊ देऊ नका. तपासणीस पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात.

येथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नोंद निलंबित झाल्याचा संदेश आला, तर काहीही बदलण्यापूर्वी थांबा. निलंबनाचे एक सर्रास कारण म्हणजे पाटीवर नसलेले शब्द नावात घुसवणे: "स्वस्त आणि मस्त भांडी, सातारा" अशी जोड दुकानाच्या नावाला लावू नये. अपील करता येते, पण ते घाईने करू नये. अर्ज सुरू झाल्यावर पुरावे जोडण्यासाठी ६० मिनिटेच मिळतात, म्हणून वीजबिल, दुकानाच्या नोंदणीचा कागद, जीएसटी असल्यास त्याचे प्रमाणपत्र हे सर्व आधी स्कॅन करून ठेवावे, आणि त्यांवरील नाव व पत्ता नोंदीशी अक्षरशः जुळतो का ते पाहावे. हे अपील फेटाळले गेले, तर पुढचे काम अनुभवी माणसाकडे द्या. नवी नोंद करून पळवाट काढण्याचा प्रयत्न करू नका.

भागीदार किंवा भाऊ यांच्यातील वादामुळे ताबा मिळत नसेल, तर तो नकाशाचा प्रश्न उरत नाही. तेथे वकिलाचा सल्ला घ्या. नाव आणि जागा कोणाची हे ठरल्याशिवाय कोणतीही पडताळणी टिकणार नाही.

तुमच्या नोंदीवर अनोळखी नंबर लागला असेल आणि त्यावरून ग्राहकांकडे पैसे किंवा ओटीपी मागितले जात असतील, तर वरील क्रम बाजूला ठेवा. त्या नंबरासह नोंदीचा स्क्रीनशॉट काढा, नंबर लगेच बदला, आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार करा. दुकानाच्या दारावरही खरा नंबर चिकटवा.

जाणकार निवडताना एवढे लक्षात असू द्या की नकाशावर नोंद ठेवण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. "नोंद बंद होईल, आत्ताच शुल्क भरा" असे फोनवर सांगणाऱ्याशी बोलणे तेथेच संपवा. मदत करणारा त्याच्या श्रमाचे पैसे घेईल, ते योग्यच आहे. मात्र त्याला तुमच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. नोंदीत त्याला "Manager" म्हणून जोडा, मुख्य मालकी स्वतःच्या खात्यात ठेवा, आणि काम झाल्यावर त्याचे नाव काढून टाका.